पाहुण्यांच्या खोलीतली चिठ्ठी

पाहुण्यांना खोली दाखवून झाली, की आपल्याकडे यजमान हमखास म्हणतात, "आपलंच घर समजा, काही लागलं तर सांगा." पाहुणेही हमखास उत्तर देतात, "छे छे, काही नको, सगळं आहे." मग दार लागते. रात्री थंडी वाजते तेव्हा जादा पांघरूण कपाटात आहे की पलंगाखालच्या पेटीत, हे पाहुण्यांना माहीत नसते. पहाटे गीझरचे बटण सापडत नाही, म्हणून आंघोळ गार पाण्याने उरकली जाते. सकाळी "झोप झाली का?" असे विचारल्यावर उत्तर येते, "अगदी छान!"

वयस्कर पाहुणे असतील तर गोष्ट गारठ्यावर थांबत नाही. अनोळखी घरात अंधारात बाथरूम शोधताना पाय घसरणे, गोळी घ्यायला जवळ पाणी नसणे, इन्सुलिन कुठे ठेवायचे हे विचारायची लाज वाटणे, हे सगळे संकोचातून घडते. त्यावर एक साधा उपाय आहे. पाहुण्यांच्या खोलीत नमस्काराची आणि चार सोयींची एक लहान चिठ्ठी ठेवायची. ती कशी लिहावी, तिच्यात काय असावे, काय नसावे आणि ती उपयोगी पडली की नाही हे कसे ओळखावे, ते या लेखात पाहू.

आधी ही चिठ्ठी का लागत नव्हती

जुन्या घरांत पाहुण्यांची वेगळी खोली नसे. पाहुणे ओसरीवर किंवा सोप्यात झोपत आणि घरातले कुणीतरी शेजारीच अंथरूण टाकी. रात्री कूस बदलली तरी "पाणी हवंय का?" असा आवाज येई. आल्या आल्या हातात गूळ-पाणी मिळे आणि झोपताना उशाशी तांब्या-भांडे असे. लिहून ठेवण्यासारखे काही उरतच नसे.

आता आदिलाबादेत काय किंवा बेला, जैनदकडच्या नव्या घरांत काय, वरच्या मजल्यावर एक खोली पाहुण्यांसाठी असते. तिला दार असते, कडी असते आणि यजमान खालच्या मजल्यावर झोपतात. पाहुण्यांना एकांत मिळाला, पण यजमानांचा आवाज तिथवर पोहोचत नाही. चिठ्ठी त्या आवाजाची जागा घेते.

आपल्याकडे मुक्कामाचे पाहुणेही पुष्कळ. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत किनवट आणि राजुरा हे तालुके आदिलाबाद जिल्ह्यातून निघून तेव्हाच्या मुंबई राज्यात गेले. आज किनवट नांदेड जिल्ह्यात आहे आणि राजुरा चंद्रपूर जिल्ह्यात. सीमा सरकली, पण सोयरीक तशीच राहिली. त्यामुळे सीमेपलीकडून कुणी ना कुणी सणावाराला, लग्नकार्याला येत असते आणि एक-दोन रात्री राहते.

"सांगा" ऐवजी "घ्या"

चिठ्ठीतली एक गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची आहे. "काही लागल्यास सांगा" हे वाक्य प्रेमाचे असले, तरी ते सगळे काम पाहुण्यांवर टाकते. त्यांनी आधी गरज ओळखायची, मग संकोच मोडायचा, मग यजमानांना हाक मारायची. रात्री दोन वाजता हे कोणी करत नाही. त्याऐवजी "जादा रजई कपाटाच्या खालच्या खणात आहे, काढून घ्या" असे लिहिले, की परवानगी आणि पत्ता दोन्ही एकदम मिळतात. विचारायला काही उरत नाही.

म्हणून चिठ्ठीतल्या प्रत्येक ओळीला एकच कसोटी लावावी. ही ओळ वाचून पाहुणे खोलीबाहेर न येता किंवा कुणाला न उठवता ती गोष्ट करू शकतील का? "गरम पाण्याची सोय आहे" ही ओळ या कसोटीत नापास होते, कारण सोय कुठे, किती वेळात, कोणत्या नळाला, हे त्यातून कळत नाही. "बाथरूमबाहेरचे लाल बटण लावा, वीस मिनिटांत पाणी तापते, गरम नळ उजवीकडचा" ही ओळ पास होते.

मायना कसा असावा

आपल्या पत्रलेखनात मायन्याला मान होता. वडिलांना "तीर्थरूप", वडिलांसारख्या इतर वडीलधाऱ्यांना "तीर्थस्वरूप", लहानांना "चि.", बरोबरीच्यांना "स. न. वि. वि." म्हणजे सप्रेम नमस्कार विनंती विशेष. आज पत्रे राहिली नाहीत, पण हे भेद आपल्या कानांना अजून कळतात. त्यामुळे छापील "सुस्वागतम्" पेक्षा नात्याचा मायना पाहुण्यांना जवळचा वाटतो.

व्याही आणि विहीणबाईंना लिहिताना "सप्रेम नमस्कार" पुरेसा आहे. ते वयाने बरेच मोठे असतील तर "साष्टांग नमस्कार". माहेरी आलेल्या लेकीला "चि." म्हणून आशीर्वाद द्यावा आणि पुढे सरळ "तू" लिहावे. लेकीला "आपण" लिहिले तर ती हसेल, नाही तर रागावेल. जावई घरात कितीही मोकळा झाला असला, तरी लिहिताना "तुम्ही"च ठेवावे. पाहुणे तेलुगू भाषक असतील, उदाहरणार्थ तेलुगू घरातले व्याही किंवा मुलाचे कार्यालयातले सहकारी, तर नावापुढे "गारू" लावून चिठ्ठी तेलुगूतच लिहावी. घरातल्या शाळकरी मुलांना हे काम द्यावे, त्यांची तेलुगू लिपी आपल्यापेक्षा चांगली असते.

मायन्यानंतर एक ओळ त्या पाहुण्यांसाठीच असावी. "तुम्ही आलात, आनंद झाला" हे कुणालाही लिहिता येते. "दोन वर्षांनी आलात, या वेळी भोगीची भाकरी आमच्याकडची" ही ओळ त्यांचीच असते. एवढी एक ओळ पुरे. पुढे सोयी सांगायच्या असतात.

एक उदाहरण: भोगीला आलेले व्याही

असे धरू, की भोगीच्या आदल्या संध्याकाळी मुलीचे सासू-सासरे नांदेडहून मुदखेड-किनवट मार्गे रेल्वेने येणार आहेत आणि दोन रात्री राहतील. व्याही सत्तरीच्या आसपासचे, त्यांना इन्सुलिन चालू आहे. विहीणबाईंचे गुडघे दुखतात आणि त्या पहाटे पाचला उठून, आंघोळ आणि पूजा झाल्याशिवाय चहा घेत नाहीत. खोली वरच्या मजल्यावर, बाथरूम खोलीबाहेर चार पावलांवर. जानेवारीचा महिना, म्हणजे आपल्या जिल्ह्यात रात्रीचा पारा दहाच्या खाली उतरायचे दिवस.

चिठ्ठी लिहायला बसण्याआधी खोलीची तयारी लागते. जी सोय खोलीत नाही ती कागदावर लिहून उपयोग नाही.

पहिली गोष्ट रात्रीची वाट. संध्याकाळी यजमानांपैकी एकाने स्वतः त्या पलंगावर आडवे व्हावे, दिवे बंद करावेत आणि बाथरूमपर्यंत जाऊन यावे. तेव्हा कळते, की दिव्याचे बटण पलंगापासून हात पोहोचेल इतके जवळ नाही, दाराशी उंबरठा आहे आणि बाथरूमच्या सहा बटणांतले नेमके कुठले दिव्याचे ते आपल्यालाही चटकन आठवत नाही. उपाय सोपे आहेत. प्लगमध्ये बसणारा छोटा रात्रीचा दिवा बाहेर लावावा. उशाशी बॅटरी ठेवावी. बाथरूमच्या दिव्याच्या बटणावर एक लाल टिकली चिकटवावी. मग चिठ्ठीत "टिकलीचे बटण बाथरूमच्या दिव्याचे" एवढे लिहिले की झाले. चष्मा नसतानाही बोटाला टिकली लागते.

दुसरी गोष्ट गरम पाणी, आणि इथे थोडे गणित आहे. बहुतेक घरांत पंधरा लिटरचा, दोन किलोवॅटचा गीझर असतो. पहाटेचे टाकीतले पाणी १८ अंश धरले, तर ते ५५ अंशांपर्यंत तापायला सुमारे वीस मिनिटे लागतात. व्होल्टेज २३० ऐवजी २०० पर्यंत उतरले असेल तर हीच वेळ पंचवीस मिनिटांवर जाते. तापलेल्या पंधरा लिटरमध्ये गार पाणी मिसळले, की आंघोळीजोगे वीस-बावीस लिटर, म्हणजे एक भरलेली बादली आणि वर थोडे पाणी मिळते. एका माणसाची आंघोळ त्यात होते. दुसऱ्यासाठी परत वीस मिनिटे थांबावे लागते. हे लिहून ठेवले नाही तर विहीणबाईंपाठोपाठ व्याही आत जातात, अर्ध्या आंघोळीत पाणी गार येते आणि त्यांना वाटते की आपलेच काही चुकले. बादलीत आधी गार आणि मग गरम पाणी घेतले तर हात भाजत नाही. गरम नळ डावीकडे असतो अशी साधारण पद्धत आहे, पण पुष्कळ घरांत प्लंबरने तो उजवीकडे जोडलेला असतो. त्यामुळे आपल्या घरात कुठला आहे ते बघून लिहावे.

तिसरी गोष्ट पिण्याचे पाणी. घरात बोअरचे, नळाचे आणि फिल्टरचे अशी दोन-तीन प्रकारची पाणी असतात आणि बाहेरच्या माणसाला कुठले प्यायचे ते कळत नाही. खोलीत झाकणाचा तांब्या आणि दोन भांडी ठेवावीत. शेजारी थर्मास असावा. रात्री दहाला उकळते पाणी भरले तर चांगल्या थर्मासमध्ये ते पहाटे पाचला निदान कोमट तरी राहते आणि वयस्करांना सकाळी तेच लागते. दुधाचा चहा थर्मासमध्ये रात्रभर ठेवू नये, त्याची चव जाते.

चौथी गोष्ट औषधाची, आणि हिला जपून हात घालावा लागतो. न उघडलेले इन्सुलिन फ्रिजमध्ये ठेवायचे असते, पण फ्रीजरमध्ये किंवा त्याला चिकटून ठेवायचे नसते, कारण गोठलेले इन्सुलिन वापरता येत नाही. वापरात असलेले पेन किंवा बाटली साधारण चार आठवडे खोलीच्या तापमानात चालते. नेमकी मुदत पाकिटावर असते. जानेवारीत ते उशाशी राहिले तरी चालेल. यजमानांनी एवढेच करावे, की फ्रिजच्या मधल्या कप्प्यात झाकणाचा एक रिकामा डबा ठेवावा. रात्री साखर अचानक उतरली तर तीन चहाचे चमचे साखर पाण्यात घालून देतात. तिळाचा लाडू अशा वेळी तितका लवकर काम करत नाही, कारण तिळातल्या तेलामुळे साखर रक्तात यायला वेळ लागतो. म्हणून लाडवांची वाटी ठेवली तरी शेजारी साखरेची डबी आणि चमचा हवाच.

हे सगळे करायचे, पण चिठ्ठीत "मधुमेह" हा शब्द लिहायचा नाही. चिठ्ठी टेबलावर उघडी असते. ती नातू वाचतो, केर काढणारी बाई पाहते. "औषध गार ठेवायचे असल्यास" एवढे लिहिले तरी ज्यांना कळायचे त्यांना कळते.

पाचवी गोष्ट पहाटेची. पाचला उठलेल्या बाईला दुसऱ्याच्या घरात सातपर्यंत काय करावे हा प्रश्न असतो. खाली जावे तर घर झोपलेले, खोलीत बसावे तर पूजा खोळंबलेली. तिला देवघर उघडे आहे आणि फुले काढून ठेवली आहेत एवढे कळले, की तिची सकाळ तिच्या घरच्यासारखी सुरू होते.

लिहिलेली चिठ्ठी

एवढी तयारी झाल्यावर चिठ्ठी अशी होते:

> ॥ श्री ॥
>
> माननीय व्याहीबुवा आणि विहीणबाई,
> सप्रेम नमस्कार.
> दोन वर्षांनी सणाला आलात, घर भरले. उद्याची तिळाची भाकरी आणि भोगीची भाजी आमच्याकडची.
>
> पांघरूण: जादा रजया कपाटाच्या खालच्या खणात आहेत. काढून घ्या.
>
> दिवा: बाथरूमबाहेरचे टिकलीचे बटण बाथरूमच्या दिव्याचे. बॅटरी उशाशी आहे. बाहेर रात्रभर छोटा दिवा असतो. दाराशी उंबरठा आहे, तेवढा बघून.
>
> गरम पाणी: बाथरूमबाहेरचे लाल बटण गीझरचे. वीस मिनिटांत पाणी तापते. गरम नळ उजवीकडचा. एका वेळी एका आंघोळीचे पाणी होते, दुसऱ्यासाठी परत वीस मिनिटे. बटण राहून गेले तरी चालेल, आम्ही बघतो.
>
> पाणी आणि खाणे: तांब्यात फिल्टरचे पाणी आहे, थर्मासमध्ये गरम. डब्यात बिस्किटे आणि लाडू, लहान डबीत साखर.
>
> औषध गार ठेवायचे असल्यास फ्रिजच्या मधल्या कप्प्यात निळा डबा तुमच्यासाठी रिकामा आहे.
>
> सकाळ: देवघर पहाटे उघडे असते, फुलांची परडी तिथेच. स्वयंपाकघरात साडेपाचला जाग असते. तुम्ही उशिरा उठलात तरी चहा तेव्हा ताजाच होईल.
>
> रात्री कधीही गरज पडली तर या नंबरवर एक रिंग द्या, फोन उशाशी असतो. जिना उतरू नका, आम्हीच वर येतो.

खाली घरातल्या दोघांची नावे आणि फोन नंबर. चिठ्ठी एवढीच.

लाल टिकली आणि लाल बटण असा घोळ आपल्या घरात होत असेल तर टिकली हिरवी घ्यावी. बटणे जवळजवळ असतील तर रंगांचा फरक ठळक हवा.

शेवटची ओळ सहज लिहिलेली वाटते, पण गुडघे दुखणाऱ्या माणसाला ती सगळ्यांत जास्त उपयोगाची आहे. मदत मागायला रात्री अनोळखी जिना उतरणे, हाच पडण्याचा मोठा धोका असतो. खरीच अडचण आली तर तेलंगणात रुग्णवाहिकेचा नंबर १०८ आहे. तो यजमानांच्या फोनमध्ये असावा. पाहुण्यांच्या चिठ्ठीत लिहिला तर उगाच काळजीचे वातावरण होते.

उन्हाळ्यात काय बदलते

हीच चिठ्ठी मे महिन्यात चालत नाही. तेव्हा पारा ४४-४५ अंशांवर असतो आणि रजईची ओळ काढून कूलरची ओळ घालावी लागते. कूलरच्या बाबतीत पाहुण्यांची नेहमी फसगत होते. पंप आणि पंखा यांची बटणे वेगळी असतात. आधी पंप लावून ताट्या पाच-दहा मिनिटे भिजू दिल्या आणि मग पंखा लावला, तर गार वारा येतो. शिवाय कूलर चालू असताना समोरची खिडकी चार बोटे उघडी हवी. एसीची सवय असलेले शहरातले पाहुणे सगळी दारे-खिडक्या बंद करतात, खोलीत दमट हवा कोंडते आणि रात्रभर घाम येतो. "पंप आधी, पंखा नंतर, खिडकी थोडी उघडी" अशी ओळ पुरते. टाकी रात्री झोपण्याआधी यजमानांनीच भरावी.

वीज गेल्यावर इन्व्हर्टरवर काय चालते तेही उन्हाळ्याच्या चिठ्ठीत हवे. साधारणपणे छताचा पंखा आणि एक दिवा चालतो, कूलर आणि गीझर चालत नाहीत. हे माहीत नसले की पाहुणे कूलरची बटणे दाबत बसतात. आणि उन्हाळ्यात औषध उशाशी ठेवून चालत नाही. तापलेली खोली इन्सुलिनला सोसत नाही, त्यामुळे फ्रिजमधल्या डब्याची ओळ तेव्हा वर आणावी.

सूचनाफलक होऊ देऊ नये

पुणेरी पाट्यांवर आपण हसतो, पण चिठ्ठी लिहायला बसलो की आपल्याही हातून पाटीच उतरते. "गीझर बंद करायला विसरू नये." "ओले टॉवेल पलंगावर टाकू नयेत." "नळ नीट बंद करावा." असल्या तीन ओळी एका कागदावर आल्या, की वरचा सप्रेम नमस्कार पुसला जातो.

बहुतेक सूचना वस्तू ठेवून टाळता येतात. टॉवेल पलंगावर पडू नये असे वाटत असेल तर दारामागे खुंटी लावावी आणि लिहावे, "टॉवेलसाठी खुंटी दारामागे." टेबलावर डाग पडू नयेत तर तांब्याखाली ताटली ठेवावी, लिहायला काहीच नको. गीझरची काळजी असेल तर आपण उठून बघावे. त्याचे थर्मोस्टॅट पाणी तापले की वीज आपोआप तोडते, तेव्हा तासभर बटण राहिल्याने आकाश कोसळत नाही. जिथे खरोखरच धोका आहे, उदाहरणार्थ सैल प्लग किंवा शॉक देणारे बटण, तिथे चिठ्ठी उपायच नाही. पाहुणे येण्याआधी इलेक्ट्रिशियनला बोलवावे.

कागद, शाई आणि जागा

वहीच्या अर्ध्या पानावर मावेल एवढीच चिठ्ठी असावी. त्याहून मोठी झाली तर कोणी पूर्ण वाचत नाही. हाताने लिहावी, अक्षर टपोरे, प्रत्येक सोय वेगळ्या ओळीवर आणि ओळीचा पहिला शब्द त्या वस्तूचा, म्हणजे रात्री हवे ते चटकन सापडते. बॉलपेन वापरावे. शाईपेनाने किंवा जेल पेनाने लिहिलेले अक्षर तांब्याच्या ओल्या बुडाखाली पसरते. उशीवर ठेवलेला कागद पंख्याच्या वाऱ्याने पलंगाखाली जातो, म्हणून साखरेच्या डबीखाली अर्धा दाबून ठेवावा.

दर खेपेला नवी चिठ्ठी लिहावी. प्लास्टिकमध्ये मढवून ठेवलेला कागद दोन वर्षांनी खोटे बोलू लागतो. बिस्किटांचा डबा रिकामा असतो, बटणांची जागा बदललेली असते, वाय-फायचा पासवर्ड जुना असतो. डब्यात बिस्किटे आहेत असे वाचून रिकामा डबा उघडणाऱ्या पाहुण्यांना वाईट वाटते. त्यापेक्षा ती ओळ नसलेली बरी.

ज्यांना वाचता येत नाही

चिठ्ठीची एक मर्यादा स्पष्ट आहे. गावाकडच्या आजींना वाचता येत नसेल, आजोबांना चष्म्याशिवाय दिसत नसेल, किंवा तेलुगू माध्यमात शिकलेल्या नातीला देवनागरी अडखळत वाचावी लागत असेल, तर कागद नुसता पडून राहतो. म्हणून खोली दाखवताना घरातल्या एकाने चिठ्ठी हातात घेऊन मोठ्याने वाचावी आणि वाचता वाचता प्रत्येक बटण दाबून, प्रत्येक खण उघडून दाखवावा. दोन-तीन मिनिटे लागतात. हे काम घरातल्या मुलांनी केले तर फार बरे. आजी नातवंडांना जे विचारतात ते सुनेला विचारत नाहीत.

उपयोग झाला की नाही, हे कसे ओळखावे

पाहुण्यांना विचारून कळत नाही, उत्तर "अगदी छान" हेच येणार. ते गेल्यावर खोली बघावी, खोली बोलते. रजईची घडी तशीच आणि पाहुण्यांची शाल मात्र पलंगावर चुरगळलेली दिसली, तर रजईची ओळ त्यांनी वाचली नाही किंवा खण उघडायचा धीर झाला नाही. पुढच्या वेळी रजई पायथ्याशीच ठेवावी. तांब्या भरलेला तसाच असेल तर पाणी पिण्याचे की कशाचे हे कळले नाही. सकाळी गीझर अजिबात लागला नाही आणि बादली ओली आहे, म्हणजे आंघोळ गार पाण्याने झाली. फोन खालच्या बैठकीत चार्जिंगला लावलेला दिसला, तर खोलीतला प्लग पलंगामागे दडला आहे.

उलट थर्मास अर्धा रिकामा असेल, परडीतली फुले देवाला वाहिलेली असतील, साखरेच्या डबीचे झाकण उघडलेले दिसले, तर ती ओळ पोहोचली. डबी उघडलेली दिसली तरी त्याबद्दल काही विचारू नये, पुन्हा भरून ठेवावी.

संक्रांतीचे पाहुणे आता थोड्याच दिवसांत येतील. त्याआधीच्या एखाद्या संध्याकाळी, अंधार पडल्यावर, आपल्याच पाहुण्यांच्या खोलीत जाऊन दिवा न लावता बाथरूमपर्यंत चालून पाहा. जिथे हात चाचपडेल तिथे टिकली लावा, आणि चिठ्ठीची पहिली ओळ त्याच बटणाची लिहा.